‘हे लक्षात घेणे महत्त्वाचे आहे’ काढल्यावर काय उरते?

माहितीपर लेखाचा मसुदा हातात आला की त्यातली काही वाक्ये कशी सुरू होणार, हे आधीच ठाऊक असते. ‘येथे हे लक्षात घेणे महत्त्वाचे आहे की…’, ‘आवर्जून नमूद करावेसे वाटते की…’, ‘असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही की…’, ‘हे विसरून चालणार नाही की…’. विषय मधुमेह असो, मातीपरीक्षण असो की गृहकर्ज, ही मंडळी सगळीकडे हजर असतात. व्यासपीठावरच्या भाषणात त्यांचा उपयोग आहे. श्रोत्याला मागे जाऊन पुन्हा ऐकता येत नाही, म्हणून वक्ता जरा थांबतो, त्याचे लक्ष गोळा करतो आणि मग मुद्दा सांगतो. छापील पानावर वाचक हवा तिथे थांबू शकतो, हवे ते पुन्हा वाचू शकतो. तिथे ही वाक्ये फक्त जागा खातात.

तरीही लाल पेन घेऊन ती सरसकट उडवायची म्हटले की काही लेखक अस्वस्थ होतात, आणि त्यांची अस्वस्थता पूर्णपणे चुकीची नसते. ‘सर’, ते म्हणतात, ‘ते काढलंत तर वाक्य फार ठाम होईल. तसं ते ठाम नाहीये.’ खरी गोम इथे आहे. या शब्दांच्या गर्दीत दोन वेगळ्या जातीची माणसे एकत्र उभी असतात. काही शब्द नुसते गळा खाकरतात. काही मात्र दाव्याची मर्यादा सांगतात: किती, कुठे, कोणाच्या मते, कोणत्या अटीवर. पहिली जात काढली तर काही बिघडत नाही. दुसरी काढली तर लेख खोटा होतो. अडचण अशी, की बहुतेक मसुद्यांत दुसरी जात पहिलीच्या कपड्यांत वावरते. लेखकाला काहीतरी मर्यादा जाणवलेली असते, पण ती नेमकी कोणती हे शोधायचा त्याला कंटाळा येतो, आणि मग तो ‘हे लक्षात घेणे महत्त्वाचे आहे’ असे लिहून मोकळा होतो.

एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. २०२३ च्या पावसाळ्याआधीच्या लेखांमध्ये जसा मजकूर दिसे, तसा एक परिच्छेद मी इथे नमुना म्हणून रचला आहे:

‘येथे हे लक्षात घेणे महत्त्वाचे आहे की, हवामान विभागाने यंदा देशात सरासरीइतका पाऊस पडण्याची शक्यता वर्तविली आहे. अर्थात, हा केवळ अंदाज असून प्रत्यक्षातील चित्र काहीसे वेगळे असू शकते, हे विसरून चालणार नाही. सर्वसाधारणपणे असे म्हणता येईल की, एल निनोच्या वर्षांत पाऊस कमी पडताना दिसतो. मात्र प्रत्येक वेळी तसे होईलच असे नाही. त्याचबरोबर हेही आवर्जून नमूद करावेसे वाटते की, सरासरीइतका पाऊस म्हणजे सर्वत्र समान पाऊस नव्हे.’

वाचायला गुळगुळीत आहे. चूक शोधून सापडणार नाही, कारण चुकण्याइतके ठोस त्यात काही नाहीच.

पहिल्या वाक्यापासून सुरुवात करू. त्याचा पहिला तुकडा झाकला, तरी उरलेले वाक्य तेच सांगते. म्हणून तो गेला. पुढे ‘शक्यता वर्तविली आहे’ उरते. घाईतला संपादक तेही उडवून ‘यंदा सरासरीइतका पाऊस पडेल’ असे करून टाकेल, आणि इथे तो घसरेल. ‘शक्यता’ हा शब्द काढायचा नाही, त्याच्या आत डोकावायचे. ११ एप्रिल २०२३ रोजी विभागाने जाहीर केलेला आकडा होता दीर्घकालीन सरासरीच्या ९६ टक्के, आणि त्यात पाच टक्के इकडे-तिकडे होण्याची मुभा. सबंध देशाच्या हंगामी पावसाबाबत विभाग ९६ ते १०४ टक्क्यांच्या पट्ट्याला ‘सर्वसाधारण’ म्हणतो. म्हणजे ९६ ही त्या पट्ट्याची अगदी खालची कड होती. त्याच प्रसिद्धीपत्रकात आणखी एक छोटा तक्ता होता. पाऊस या पट्ट्यात राहण्याची शक्यता ३५ टक्के, त्याहून थोडा कमी पडण्याची २९ टक्के आणि बराच कमी, म्हणजे ९० टक्क्यांच्याही खाली जाण्याची २२ टक्के. शेवटचे दोन आकडे मिळवा: ५१. ज्या अंदाजाचा मथळा सगळीकडे ‘यंदा सरासरीइतका पाऊस’ असा झाला, त्याच अंदाजात पाऊस सरासरीच्या पट्ट्याखाली राहण्याची शक्यता निम्म्याहून किंचित जास्त होती. आमच्या नमुन्यातला लेखक ‘लक्षात घेणे महत्त्वाचे आहे’ म्हणाला खरा, पण लक्षात घेण्याजोगी गोष्ट त्याने सांगितलीच नाही.

दुसरे वाक्य ‘प्रत्यक्षातील चित्र काहीसे वेगळे असू शकते’. हे कोणत्याही अंदाजाखाली चिकटवता येते, मग तो पावसाचा असो, निवडणुकीचा असो की क्रिकेटचा. जे कुठेही चालते ते इथले काही सांगत नाही, ही माझी साधी परीक्षा. पण त्यामागची शंका खरी आहे, म्हणून प्रश्न विचारायचा: किती वेगळे? एक उत्तर विभागानेच दिले आहे, पाच टक्के. दुसरे उत्तर इतिहास देतो. २००९ सालीही एप्रिलचा अंदाज नेमका ९६ टक्क्यांचाच होता. त्या वर्षी पाऊस झाला ७८ टक्के. म्हणजे पाच टक्क्यांचा तो पट्टा काही कुंपण नव्हे. ‘काहीसे वेगळे’ या शब्दांत २००९ मावत नाही. सावधगिरीचा शब्द इथे प्रत्यक्षात सौम्य पडला होता, आणि हे वारंवार घडते. मोघम इशारा बहुधा खऱ्या धोक्यापेक्षा लहान असतो.

तिसऱ्या आणि चौथ्या वाक्यांत मिळून ‘सर्वसाधारणपणे’, ‘असे म्हणता येईल’, ‘पडताना दिसतो’ आणि ‘होईलच असे नाही’ अशा चार बचावात्मक रचना एकावर एक चढवल्या आहेत. एकाच दाव्यावर चार वेळा हातचे राखले की वाचकाला दावा ऐकूच येत नाही. यातली एक ठेवायची, आणि तिलाही पुराव्याचे बळ द्यायचे. २००९ आणि २०१५ ही दोन्ही एल निनोची वर्षे. पाऊस अनुक्रमे ७८ आणि ८६ टक्के. उलट १९९७ चा एल निनो विसाव्या शतकातल्या सर्वांत तीव्रांपैकी, आणि त्या वर्षी देशात १०२ टक्के पाऊस झाला. एवढे लिहिले की ‘प्रत्येक वेळी तसे होईलच असे नाही’ हे वाचकाला आपोआप कळते, आणि किती वेळा नाही याचाही थोडा अंदाज येतो.

पाचवे वाक्य, सर्वत्र समान पाऊस नव्हे, हे मात्र परिच्छेदातले सगळ्यात मोलाचे वाक्य आहे आणि ते शेवटी, ‘आवर्जून’च्या मागे दडून बसले आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाला या अंदाजाचा काय उपयोग, याचे उत्तर त्यात आहे. इथे आणखी एक बारकावा आहे. सबंध देशाच्या हंगामाला ‘सर्वसाधारण’ म्हणताना पट्टा ९६ ते १०४ चा असतो. पण मराठवाड्यासारख्या एका हवामान उपविभागाच्या नोंदीत सरासरीपेक्षा १९ टक्के कमी ते १९ टक्के जास्त, एवढ्या रुंद पट्ट्याला ‘सर्वसाधारण’ म्हणतात. म्हणजे १८ टक्के तूट पडूनही नकाशावर मराठवाड्याचा रंग चांगलाच दिसतो. हे न सांगता नुसते ‘सर्वत्र समान नव्हे’ म्हणणे म्हणजे वाचकाला दारापर्यंत नेऊन दार न उघडणे.

आता परिच्छेद पुन्हा लिहू, एप्रिल २०२३ मध्ये उभे राहून:

‘भारतीय हवामान विभागाच्या अंदाजानुसार जून ते सप्टेंबर या काळात देशभरात मिळून सरासरीच्या ९६ टक्के पाऊस होईल, त्यात पाच टक्क्यांचा फरक पडू शकतो. ९६ ते १०४ टक्के पावसाला विभाग सर्वसाधारण म्हणतो. पाऊस या पट्ट्यात राहण्याची शक्यता विभागाने ३५ टक्के दिली आहे आणि त्याहून कमी पडण्याची ५१ टक्के. पावसाळ्यात एल निनो तयार होण्याची चिन्हे आहेत. २००९ आणि २०१५ या एल निनोच्या वर्षांत पाऊस ७८ आणि ८६ टक्के झाला होता; १९९७ मध्ये मात्र एल निनो तीव्र असूनही तो १०२ टक्के झाला. हा अंदाज सबंध देशाचा आणि सबंध हंगामाचा आहे. कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या महिन्यात किती पाऊस पडेल हे तो सांगत नाही. त्यामुळे ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये, हा कृषी विभागाचा नेहमीचा सल्ला यंदाही लागू राहतो.’

‘महत्त्वाचे’ हा शब्द यात नाही, ‘आवर्जून’ही नाही. परिच्छेद आखूड झालेला नाही, उलट वाढला. फापटपसारा काढला की लेख निम्म्यावर येतो, असे लेखनाच्या कार्यशाळांत सांगतात. माझा अनुभव तसा नाही. मोघम इशारा काढून खरी मर्यादा लिहिली की जागा लागतेच, फक्त ती कारणी लागते. जागा नसेल तर एल निनोची जुनी वर्षे मी काढेन. ५१ हा आकडा आणि शेवटची तीन वाक्ये काढणार नाही.

पुढे काय झाले तेही सांगायला हवे. २०२३ चा पाऊस सरासरीच्या ९४ टक्क्यांवर थांबला. एप्रिलच्या अंदाजापासून दोनच टक्के दूर, म्हणजे विभागाचे गणित चांगलेच जमले. पण जुलै ११३ टक्के आणि ऑगस्ट ६४ टक्के, अशी त्याची वाटणी झाली. १९०१ पासूनच्या नोंदींत इतका कोरडा ऑगस्ट नव्हता. दाणा भरायच्या वेळी पाऊस गेला तर हंगामी सरासरी चांगली असून भागत नाही. ‘कोणत्या महिन्यात किती हे तो सांगत नाही’ हे साधे विधान या ऑगस्टची जागा मोकळी ठेवून होते. ‘चित्र काहीसे वेगळे असू शकते’ यानेही तांत्रिकदृष्ट्या तेच केले असे कुणी म्हणेल. पण त्यातून शेतकऱ्याला करण्याजोगे काही हाती लागले नसते.

काही शब्द दिसायला गुळमुळीत असतात आणि असतात मात्र मोजमापे. हवामानाच्या बातमीतले ‘तुरळक ठिकाणी’ हे त्यांतले नामांकित. ‘कोकणात तुरळक ठिकाणी मुसळधार पावसाची शक्यता’ हे वाक्य ऐकून हसणारे पुष्कळ आहेत. यांना काही ठरवायचेच नसते, असा त्यांचा समज. पण विभागाच्या परिभाषेत ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या पर्जन्यमापक केंद्रांपैकी जास्तीत जास्त पाव केंद्रांवर. ‘काही ठिकाणी’ म्हणजे पावापासून निम्म्यापर्यंत. त्यापुढच्या पायऱ्याही ठरलेल्या आहेत. ‘मुसळधार’ म्हणजे चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटर ते ११५.५ मिलिमीटर. अशा वाक्यातला ‘तुरळक ठिकाणी’ मथळ्याला आडवा येतो म्हणून कापला, की पाव केंद्रांचा पाऊस सबंध कोकणावर पडतो आणि दुसऱ्या दिवशी कोरड्या अंगणात उभा असलेला वाचक हवामान खात्याला शिव्या देतो. म्हणून संपादकाने सावध दिसणारा शब्द कापण्याआधी तो ज्या क्षेत्रातून आला तिथे त्याला ठरलेला अर्थ आहे का, हे पाहावे. न्यायालयाच्या बातमीतला ‘आरोपी’ हा असाच शब्द. तो ‘गुन्हेगार’ या शब्दाचे मिळमिळीत रूप नव्हे. निकालाआधी दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

उलटी चूकही तितकीच होते: पक्क्या गोष्टीवर शंकेची चादर घातली जाते. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारच्या सरोवराबद्दल पर्यटनाच्या लेखांत हमखास भेटणारे वाक्य घ्या. ‘हे सरोवर सुमारे ५२ हजार वर्षांपूर्वी उल्कापातामुळे निर्माण झाले असे मानले जाते.’ ‘मानले जाते’ म्हणजे कोण मानते? गावकरी, पुराणे की भूशास्त्रज्ञ? कर्मणी प्रयोगाने मानणारा गायब केला, आणि त्याच्याबरोबर पुरावाही. शिवाय या एका ‘मानले जाते’खाली दोन दावे आहेत आणि त्यांची पत सारखी नाही. सरोवराचे विवर आकाशातून आलेल्या अशनीच्या आघाताने झाले, हे प्रचंड दाबाशिवाय होऊ न शकणारे बदल तिथल्या खडकांत आणि काचेत सापडल्यावर, १९७० च्या दशकातच सिद्ध झाले. ते मानण्यावर सोपवलेले नाही. वयाचे मात्र तसे नाही. ५२ हजार हा आकडा एका पद्धतीने आला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, आर्गॉनच्या समस्थानिकांवर आधारलेल्या मोजमापात तेच वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे निघाले. दहापट फरक.

तेव्हा वाक्य असे व्हायला हवे: ‘लोणारचे सरोवर अशनी आदळून तयार झाले. केव्हा, याबद्दल एकमत नाही: जुन्या मोजमापाप्रमाणे सुमारे ५० हजार वर्षांपूर्वी, २०११ च्या मोजमापाप्रमाणे साडेपाच लाखांहून अधिक वर्षांपूर्वी.’ पहिले विधान सरळ, बिनशर्त. शंका फक्त दुसऱ्यावर, आणि तीही आकड्यांसकट. मूळ वाक्यात सावधगिरी होती, पण ती चुकीच्या जागी बसली होती. जे नक्की आहे ते डळमळीत झाले, आणि जे डळमळीत आहे ते ‘सुमारे ५२ हजार’ अशा नेमक्या आकड्यात गोठले.

मर्यादेचा शब्द बिनधास्त उडवल्याने सर्वांत जास्त नुकसान आरोग्यविषयक लेखांत होते. कार्डिफ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. ब्रिटनमधल्या वीस विद्यापीठांनी २०११ साली आरोग्य-संशोधनावर काढलेली ४६२ प्रसिद्धीपत्रके त्यांनी मूळ शोधनिबंधांशी आणि नंतरच्या बातम्यांशी ताडून पाहिली. एकतृतीयांश पत्रकांत कार्यकारणाचा दावा मूळ निबंधापेक्षा फुगवलेला निघाला. प्राण्यांवरच्या प्रयोगातून माणसाबद्दल निष्कर्ष काढणे ३६ टक्के पत्रकांत. अतिशयोक्ती पत्रकारांनीच केली असे आपण गृहीत धरतो, पण ती बरीचशी विद्यापीठाच्या दारातूनच बाहेर पडली होती. पत्रकात प्राण्याचा माणूस झाला असेल तर ८६ टक्के बातम्यांत तो तसाच उतरला. पत्रक सावध असेल तर हे प्रमाण १० टक्के. आणि फुगवलेल्या पत्रकांना प्रसिद्धी जास्त मिळाली, असेही आढळले नाही.

म्हणून आरोग्याच्या मसुद्यात मी दोन ठिकाणी पेन थांबवतो. ‘संबंध आढळला’ याचे ‘मुळे होते’ करायचे नाही. अमुक पदार्थ खाणाऱ्यांत अमुक आजार कमी आढळला, एवढेच अभ्यास सांगत असेल, तर तो पदार्थ खाणारे लोक अधिक चालतात की कमी सिगारेट ओढतात, हे अजून उघडे आहे. आणि ‘उंदरांवरच्या प्रयोगात’ हे शब्द वाक्याच्या सुरुवातीला, क्रियापदाच्या आधी येऊ द्यायचे. तिसऱ्या परिच्छेदाच्या शेवटी ‘येथे हे नमूद करणे आवश्यक आहे की हा प्रयोग उंदरांवर झाला’ असे लिहिले, तर तोवर वाचक औषधाच्या दुकानात पोहोचलेला असतो. मर्यादा दाव्याला चिकटून असली तर तिला ‘महत्त्वाची’ म्हणून पुकारावे लागत नाही.

मराठीला यासाठी वेगळ्या उपवाक्यांची गरजही फारशी पडत नाही, कारण ते काम आपली क्रियापदे करतात. ‘पाऊस पडेल’, ‘पडू शकेल’, ‘पडावा’, ‘पडतोच’ यांत खात्रीची उतरंड आहे. ‘हा शिलालेख बाराव्या शतकातला असावा’ या वाक्यात लेखकाचा अंदाज, त्यामागचा तर्क आणि त्याची नम्रता एका ‘असावा’त आली. त्याला ‘असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही’ जोडणे म्हणजे पावसाळ्यात नळाखाली उभे राहणे. फक्त त्याच वाक्यात ‘बहुधा’ आणि ‘साधारणतः’ही आले नाहीत ना, हे पाहायचे. एका दाव्याला एक शंका पुरते.

काटछाट झाल्यावर अचूकता टिकली की नाही, हे कसे ओळखावे? मूळ मसुदा आणि सुधारलेला मजकूर दोन वेगळ्या माणसांना देऊन त्यांना एकच प्रश्न विचारावा: हे वाचून तुम्ही काय कराल? २०२३ च्या आपल्या परिच्छेदावर एकाचे उत्तर ‘जूनच्या पहिल्या सरीला पेरणी’ आले आणि दुसऱ्याचे ‘वाट पाहीन’, तर दोन मजकुरांचा अर्थ वेगळा झाला, मग शब्द कितीही जुळोत. विषयातल्या तज्ज्ञालाही दाखवावे, पण ‘बरोबर आहे का?’ असे विचारू नये. सभ्य माणसे हो म्हणतात. ‘यातले कोणते वाक्य तुम्ही स्वतःच्या नावाने छापणार नाही?’ असे विचारावे. तज्ज्ञ हमखास एकदोन वाक्यांवर बोट ठेवतात, आणि ती बहुतेकदा तीच असतात जिथून ‘सुमारे’, ‘काही’ किंवा ‘अभ्यासात’ नाहीसे झालेले असते.

आणि मग मथळा. लेखात जपलेली मर्यादा तिथे हमखास गळते, कारण मथळ्याला चारच शब्दांची जागा आणि तो लिहिणारा बहुधा तिसराच कोणी. लेखकाने मसुद्यासोबत स्वतःचा मथळा द्यावा, असा माझा आग्रह असतो. ‘यंदा सरासरीइतका पाऊस’ ऐवजी ‘पाऊस सरासरीच्या ९६ टक्के, तूट पडण्याची शक्यता निम्मी’ असे लिहायला किंचित जास्त जागा लागते, पण हा मथळा ऑगस्टनंतरही मागे घ्यावा लागला नसता.